लूप व्हिडिओ (दुकान व स्टॉलवरील मूक चित्रफीत)

दुकानातल्या किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पडद्यावर दिवसभर आवाजाविना फिरत राहणारी छोटी चित्रफीत. बोलीत हिला ‘लूप’ किंवा ‘स्टॉलचा व्हिडिओ’ म्हणतात. जाहिरातीला सुरुवात आणि शेवट असतो, लूपला पाहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नसतात. गिऱ्हाईक चालत येते, मध्येच कुठेतरी नजर टाकते आणि काही सेकंदांत पुढे जाते. त्यामुळे कोणत्याही क्षणी पाहिले तरी अर्थ लागावा आणि शेवट जिथे सुरुवातीला मिळतो तो सांधा दिसू नये, या दोन गोष्टी लूपमध्ये साधाव्या लागतात. पहिली चित्रीकरणात साधते. दुसरी बहुतेकांची राहून जाते, म्हणून या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण सांगलीच्या हळदीचे घेऊ. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कृष्णेकाठच्या हरिपूरची हळद साठवायची पेवे जुन्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतात. कृषी प्रदर्शनात अख्खे हळकुंड आणि पावडर विकणारा एक स्टॉल आहे आणि त्याला 30 सेकंदांचा लूप हवा आहे, असे धरू. चांगले वाळलेले हळकुंड मोडले की कट् असा आवाज येतो आणि व्यापारी त्या आवाजावरूनही माल जोखतो. मूक चित्रात हा आवाज नाही, तेव्हा त्याचे काम डोळ्यांकडून करून घ्यायचे: दोन अंगठ्यांमध्ये धरलेले हळकुंड पडदाभर जवळून दाखवायचे, ते मोडताना उडालेली भुकटी दिसू द्यायची आणि आतला केशरी गाभा तीन सेकंद हलू न देता समोर ठेवायचा. उकडणे, वाळवणे, ढोलात पॉलिश करणे ही दृश्ये त्याच्या पुढे-मागे येतात, पण लूपचा जीव या एका मोडण्यात आहे.

हळदीच्या रंगाची एक अडचण आहे. चौकट पिवळ्या रंगाने भरली की मोबाइलचा कॅमेरा तो रंग आपोआप ‘दुरुस्त’ करायला जातो आणि हळद फिकी, मळकट दिसते. म्हणून व्हाइट बॅलन्स आधी पांढऱ्या कागदावर ठरवून लॉक करावा. स्टॉलवर नेमके उलटे घडते. दुकानात मांडलेले टीव्ही बऱ्याचदा भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतात. त्यात हळद इतकी झगझगीत दिसते की मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाच्या भेसळीबद्दल ऐकलेल्या गिऱ्हाइकाला शंका यावी. टीव्ही ‘स्टँडर्ड’वर आणून समोर खरी हळद ठेवून रंग जुळतो का पाहावे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने गोडाऊनमधल्या ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले नाही तर चित्रात आडवे पट्टे सरकतात आणि ते नंतर काढणे फार अवघड असते.

मजकूर थोडा आणि पडद्याच्या वरच्या अर्ध्यात असावा, कारण खालचा अर्धा भाग गर्दीच्या डोक्यांमागे जातो. एखादी ओळ मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ती पडद्यावर राहावी. काही संपादन ॲप जोडाक्षरे फोडतात आणि ‘शुद्ध’चे ‘शुद्‌ध’ होते. अशा वेळी मजकूर वेगळा चित्र म्हणून तयार करून वर ठेवणे खात्रीचे. दुकानाचे नाव दिवसभर एकाच कोपऱ्यात ठेवू नये. पडद्यावर, विशेषतः ओएलईडीवर, त्याचा ठसा उमटू शकतो.

आता सांधा. संपादित फीत सलग वाजवली की शेवटचे दृश्य संपून पहिले येते तिथे धक्का बसतो: मोडलेले हळकुंड क्षणात अख्खे होते किंवा हात एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो. यावरचा उपाय साधा आहे. 31 सेकंदांची फीत 15 व्या सेकंदाला, एखादे दृश्य चालू असतानाच, कापायची. मागचा 16 सेकंदांचा तुकडा पुढे आणि पुढचा 15 सेकंदांचा तुकडा मागे लावायचा. आता नव्या फितीचा शेवट आणि सुरुवात या मूळच्या लागोपाठच्या फ्रेम आहेत, म्हणून तिथे सांधाच उरत नाही. जुना शेवट आणि जुनी सुरुवात मध्यभागी येऊन भेटतात, तिथे एका सेकंदाचा विरघळता बदल द्यायचा. 16 अधिक 15 वजा 1, म्हणजे बरोबर 30 सेकंद. `ffmpeg` या संगणकावर आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्राममध्ये हे एका आज्ञेत होते:

```
ffmpeg -i halad.mp4 -filter_complex \
"[0:v]trim=15:31,setpts=PTS-STARTPTS,fps=25[b]; \
 [0:v]trim=0:15,setpts=PTS-STARTPTS,fps=25[a]; \
 [b][a]xfade=duration=1:offset=15,format=yuv420p[v]" \
-map "[v]" -an -c:v libx264 -bf 0 -b:v 5M loop.mp4
```

यातला `-an` महत्त्वाचा. आवाज शून्यावर नेणे वेगळे आणि ध्वनीचा थरच काढून टाकणे वेगळे. मुका केलेला थर फाइलमध्ये राहतो, त्याची लांबी चित्राच्या लांबीशी फ्रेमभरही जुळली नाही तर काही प्लेअर दर फेरीला क्षणभर अडखळतात.

एवढे करूनही पेनड्राइव्हवरून चालणारे पुष्कळ टीव्ही दर फेरीनंतर एखादा सेकंद काळे होतात, काही तर वर फाइलचे नावही दाखवतात. हा दोष टीव्हीच्या प्लेअरचा, फितीचा नाही. लॅपटॉपवर सांधा दिसत नाही आणि टीव्हीवर दिसतो, यावरून तो ओळखावा. दर अर्ध्या मिनिटाला पडदा काळा झाला की स्टॉल बंद पडल्यासारखा वाटतो. म्हणून तीच फीत एका फाइलमध्ये 120 वेळा जोडावी, म्हणजे काळा क्षण तासातून एकदाच येईल:

```
ffmpeg -stream_loop 119 -i loop.mp4 -c copy stall.mp4
```

आकडा 119 आहे, कारण पहिली फेरी त्यात धरलेली नसते. सेकंदाला 5 मेगाबिटच्या हिशेबाने तासाभराची फाइल सुमारे 2.25 जीबी होते. पेनड्राइव्ह FAT32 पद्धतीचा असेल तर त्यावर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, तेव्हा दोन तासांची करण्याचा मोह टाळावा.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, ज्या टीव्हीवर लूप लावायचा त्याच टीव्हीवर तो तासभर तरी चालवून पाहावा. रिमोटला चार तास हात लागला नाही की आपोआप बंद होण्याची सोय अनेक टीव्हींत चालू असते. ती सेटिंगमधून काढली नाही तर दुपारच्या गर्दीतच पडदा विझतो. मंडपातली वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की टीव्ही पुन्हा लागतो, पण बहुधा मुख्य पडद्यावर येऊन थांबतो. फीत स्वतःहून सुरू होत नाही. यासाठी काहीजण टीव्हीला छोटा संगणक लावून तो सुरू होताच `mpv` या प्लेअरची `mpv --fs --loop-file=inf loop.mp4` ही आज्ञा चालेल अशी व्यवस्था करतात. तिथे 30 सेकंदांची मूळ फीतच पुरते आणि तासाभराच्या फाइलची गरज पडत नाही. टीव्हीच वापरायचा असेल तर स्टॉलवर बसणाऱ्या प्रत्येकाला रिमोटवरची बटणे क्रमाने दाबून फीत लावून दाखवावी आणि तोच क्रम कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवावा.