धावत्या बसवरचं नाव फोटोत बदलताना: वळणारा पत्रा, फराटा आणि त्यामागचा इतिहास

इंदूरमध्ये एबी रोडच्या कडेला उभं राहून साध्या शटरवर धावत्या बसचा फोटो काढला, की बसच्या अंगावरच्या देवनागरी अक्षरांचं एक वैशिष्ट्य दिसतं. शिरोरेखा जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि काने मात्र विरघळतात. बस आडवी सरकते, म्हणून आडव्या रेषेवर पुसटपणाचा परिणाम फक्त दोन टोकांना होतो. उभी रेष मात्र आपल्या जाडीच्या कितीतरी पट रुंद पट्ट्यात पसरते. फोटोत बसचं किंवा ट्रकचं नाव बदलायचं काम आलं, की नव्या अक्षरांना हेच व्हायला हवं, आणि तेही वळणदार पत्र्यावर. हे नीट जमायला साधनांना बरीच वर्षं लागली. ती का लागली, हे समजलं तर कामात चूक कुठे होते तेही समजतं.

अशी कामं इंदुरात नवीन नाहीत. पीथमपूरला ट्रक तयार होतात, ट्रान्सपोर्ट नगरात त्यांची बॉडी रंगते, आणि मालकी किंवा फर्मचं नाव बदललं की जुन्या फोटोवर नवं नाव हवं असतं: कॅलेंडरसाठी, लेटरहेडसाठी, दुकानातल्या मोठ्या फ्लेक्ससाठी. गाडी उभी असताना काढलेला फोटो चालत नाही का, असं विचारलं तर मालक म्हणतो, "उभी गाडी कोण बघतो? धावती दाखवा."

संगणकाच्या आधी हे काम प्रिंटवर व्हायचं. चार्ल्स बर्डिक यांनी 1892 मध्ये एअरब्रशचं पेटंट घेतलं आणि यंत्रांचे, गाड्यांचे फोटो रंगाच्या फवाऱ्याने सुधारणं हा वेगळा व्यवसाय झाला. जुनं नाव पत्र्याच्या छटेच्या रंगाने झाकायचं, नवं नाव बारीक ब्रशने लिहायचं, आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढायचा. गाडी धावती असेल तर रिटचर पट्टी धरून आडवा फवारा मारत असे. तो फराटा हाताच्या अंदाजाचा असे आणि त्याच्या कडा हळूहळू विरत जात. कॅमेऱ्यातला फराटा तसा नसतो. शटर उघडलं तेव्हा अक्षर एका जागी होतं, बंद झालं तेव्हा दुसऱ्या जागी. या दोन जागांच्या बाहेर अक्षराचा अंशही नसतो आणि मधल्या पट्ट्यात रंग एकसारखा असतो. जुन्या छापील जाहिरातींतली धावती गाडी आज ओळखू येते ती पुष्कळदा याच कडांवरून.

खरी उकल संगणक-चित्रांच्या लोकांकडून आली. 1984 मध्ये लुकासफिल्ममधल्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कारपेंटर यांनी गतीचा पुसटपणा हिशेबाने कसा काढावा हे सांगणारा एक शोधनिबंध मांडला. त्याच सुमारास त्यांच्याकडून बिलियर्डच्या चेंडूंचं एक चित्र आलं. त्यात 1, 9, 8, 4 असे आकडे लिहिलेले गोल चेंडू होते आणि काही चेंडू धावते असल्याने पुसट दिसत होते. म्हणजे वळणदार पृष्ठभागावरची अक्षरं आणि गती, हाच आपला प्रश्न! त्यांनी पुसटपणा चित्रावर वरून फासला नाही. शटर उघडं असतानाच्या वेगवेगळ्या क्षणी चेंडू कुठे आहे, त्यावरचा आकडा कसा वळलेला दिसतो, हे काढून त्या सगळ्या क्षणांच्या प्रकाशाची बेरीज केली. क्रम त्यातूनच ठरतो: आधी अक्षर पृष्ठभागावर वळतं, मग पृष्ठभाग सरकतो, आणि शेवटी प्रकाश जमा होतो.

1990 मध्ये फोटोशॉप आलं. पण एकाच कोनाचा, एकाच लांबीचा मोशन ब्लर हाती असणं वेगळं आणि हा क्रम पाळता येणं वेगळं. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले तेव्हा नवं नाव निदान वेगळ्या थरावर ठेवता येऊ लागलं. तरी एकदा वाकवलं आणि पुसट केलं की ते अक्षर राहत नसे, पिक्सेल होत. मालकाने "जरा टाइप मोठा करा" म्हटलं की सगळं पहिल्यापासून. ही अडचण सुटली 2005 च्या सीएस-2 मध्ये. मूळ अक्षर आत जसंच्या तसं जपणारं स्मार्ट ऑब्जेक्ट, जाळी ओढून वाकवणारं वार्प आणि दृष्टिकोनातल्या सपाट प्रतलांसाठीचं व्हॅनिशिंग पॉइंट, तिन्ही एकदम आली. 2007 मध्ये नंतरही बदलता येणारे स्मार्ट फिल्टर आले. आता नाव स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये ठेवायचं, त्याला वार्पने पत्र्यावर बसवायचं, ते सगळं आणखी एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायचं, आणि पुसटपणा त्या बाहेरच्या थराला लावायचा. आत नाव बदललं की बाहेरचं सगळं आपोआप नव्याने होतं.

क्रम उलटा केला तर काय बिघडतं ते छताच्या कडेजवळ लगेच दिसतं. आधी पुसट करून मग वाकवलं, की फराटेही पत्र्याबरोबर वाकतात. बस मात्र सरळ रस्त्याने चाललेली असते. फराटा बसच्या वाटेचा असतो, पत्र्याच्या आकाराचा नाही.

वळणाची दुसरी चूक टँकरवर होते. दुधाच्या किंवा तेलाच्या टँकरवर नाव बसवताना पुष्कळ जण वार्पमधला कमानीचा तयार आकार निवडतात आणि शिरोरेखा धनुष्यासारखी वाकते. आडवा नळकांडी टँकर दुरून, बाजूने पाहिला तर त्याच्या लांबीच्या रेषा सरळच दिसतात. बदलते ती उंची. मध्यरेषेवरचं अक्षर पूर्ण उंच दिसतं, आणि तेच अक्षर मध्यरेषेपासून 60 अंश वर लिहिलं असेल तर निम्म्या उंचीचं. ट्रान्सपोर्ट नगरातले मुरलेले पेंटर वरची ओळ मुद्दाम ताणून लिहितात ते याचसाठी. तेव्हा फोटोत जुनी वरची ओळ मोजूनच नवीची उंची ठरवावी.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, 12 मीटर लांबीची बस फोटोत बाजूने 3000 पिक्सेल लांब आहे. एका मीटरला 250 पिक्सेल झाले. वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. शटर 1/60 सेकंद आणि कॅमेरा स्थिर. तेवढ्या वेळात बस सुमारे 16.7 सेंटिमीटर सरकते, म्हणजे फराटा साधारण 42 पिक्सेलचा. वेग आणि शटर माहीत नसले तरी चालतं. पत्र्यावरच्या एखाद्या रिबिटाची चकाकी शोधायची. ती मुळात ठिपका असते, फोटोत तिची रेघ झालेली असते, आणि त्या रेघेची लांबी हीच फराट्याची लांबी. मी नेहमी रिबिटावरच भरवसा ठेवतो, कारण वेगाचा अंदाज सांगणारा ड्रायव्हर कधीच कमी सांगत नाही.

जुनं नाव "नर्मदा", नवं "शिप्रा". जुनं पुसताना अक्षरांपुरती जागा पुसून भागत नाही, कारण प्रत्येक काना दोन्ही बाजूंना 21-21 पिक्सेल सांडलेला असतो. डाग पुसण्यासाठी फोटोशॉपमध्ये 2002 मध्ये आलेला हीलिंग ब्रश इथे फसतो. तो कडेच्या रंगाशी जुळवून घेतो, आणि कडेला तर जुन्या कान्याचाच रंग उरलेला असतो. बस आडवी धावत असल्याने पत्र्याची छटा आडवी जवळजवळ सारखी आणि उभी बदलती असते. म्हणून त्याच उंचीवरची कोरी पट्टी उचलून आडवी सरकवून झाकणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

नव्या नावाच्या कान्याची जाडी 4 सेंटिमीटर, म्हणजे 10 पिक्सेल धरू. 42 पिक्सेलच्या फराट्यात त्याचा पट्टा सुमारे 52 पिक्सेलचा होतो आणि मधोमध रंग जेमतेम 24 टक्के उरतो. पण हे 24 टक्के प्रकाशाचे आहेत, आणि इथेच जुन्या फिल्टरचा हिशेब चुकतो. फोटोतले 0 ते 255 आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, डोळ्याला सोयीचे केलेले असतात. काळ्या पत्र्यावर पांढरं अक्षर असेल तर कॅमेऱ्यातून आलेला पट्टा सुमारे 135 वर येतो, आणि आकड्यांची थेट सरासरी काढणारा फिल्टर 60 च्या आसपास देतो. पांढऱ्यावर काळं असेल तर कॅमेरा सुमारे 226 देतो, फिल्टर 194. म्हणजे गडद पत्र्यावरची पांढरी अक्षरं फिल्टरमध्ये फार लवकर मरतात, आणि पांढऱ्या पत्र्यावरची काळी अक्षरं नको तितकी टिकतात. शेजारी मूळ फोटोतला एखादा पांढरा पट्टा असेल तर हा फरक नवशिक्यालाही खटकतो, फक्त कारण सांगता येत नाही. फोटोशॉपमध्ये प्रतिमा 32 बिटवर नेली की गणित प्रकाशाच्या प्रमाणात होतं. 2018 मध्ये आलेल्या गिंप 2.10 ने असं काम सहज आवाक्यात आणलं, आणि गिंप फुकट असल्याने छोट्या स्टुडिओंना त्याचा मोठा फायदा झाला.

बस तिरकी असेल तर एकच लांबी पुरत नाही. जवळच्या टोकाला पत्र्याच्या दिशेने मीटरला 250 पिक्सेल आणि लांबच्या टोकाला 125 असतील, तर फराटा इकडे 42 आणि तिकडे 21. दिशाही बदलते, फराटे रस्त्याच्या क्षितिजाकडच्या बिंदूकडे झुकत जातात. 2014 मध्ये फोटोशॉपमध्ये पाथ ब्लर आला. त्यात वेगवेगळ्या जागी वेगळ्या दिशेच्या आणि लांबीच्या रेषा आखता येतात. त्याआधी नाव तुकड्यांत कापून प्रत्येकाला वेगळा ब्लर द्यावा लागे, आणि सांधे लपवण्यातच अर्धा दिवस जाई.

मग येते चकाकी. गुळगुळीत इनॅमलच्या सपाट पत्र्यात रस्त्याकडेच्या झाडांचं प्रतिबिंब पडतं. पत्रा स्वतःच्या प्रतलात सरकतो तेव्हा स्थिर झाडाचं प्रतिबिंब मात्र हलत नाही, म्हणून पुसट नावावर तुलनेने स्पष्ट झाड दिसतं. नवं नाव या प्रतिबिंबाच्या खाली बसायला हवं. ते वर बसलं की नाव हवेत चिकटवल्यासारखं वाटतं, ब्लर कितीही बरोबर असो. वळणदार भागात प्रतिबिंब ताणलं जातं, तिथे मूळ फोटोच पाहून ठरवावं लागतं.

रात्रीच्या फोटोतला दाणा, म्हणजे सगळीकडे दिसणारे बारीक ठिपके, अगदी शेवटी घालायचा. तो सेन्सरचा असतो, बसचा नाही, म्हणून फराट्यावरही तो तीक्ष्णच असतो. आधी घातला तर तोही आडवा ओढला जातो आणि नावापुरता पत्रा रेशमी दिसतो. मूळ फोटोतला कोरा भाग आणि नवा भाग 200 टक्के मोठे करून शेजारी ठेवले की हे कळतं.

मोबाइलच्या फोटोंनी एक जुनी गोष्ट परत आणली. फोकल-प्लेन शटरच्या काळात शटरची फट कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हच्या काचेवरून सरकत जाई आणि धावती वस्तू तिरकी उमटे. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग यांच्या 1910 च्या दशकातल्या शर्यतीच्या फोटोत मोटारीची चाकं पुढे कललेली दिसतात ती त्यामुळेच. मोबाइलचा सेन्सरही ओळीमागून ओळ वाचतो. आपल्या उदाहरणात फ्रेम 3000 पिक्सेल उंच आणि ती वाचायला 1/50 सेकंद लागतो असं धरलं, तर 30 सेंटिमीटरचं अक्षर फार तर सव्वा पिक्सेल कलेल, तिकडे लक्ष देण्याचं कारण नाही. पण 3 मीटर उंचीच्या पूर्ण बसला तोच कल सुमारे 12 पिक्सेलचा होतो. त्यामुळे छतापासून खालपर्यंत मोठं चित्र किंवा उभं नाव बसवायचं असेल, तर आधी दाराची उभी कड मोजावी आणि नव्या अक्षरांना तेवढाच तिरका ताण द्यावा.