सकाळी पिंजर, संध्याकाळी ताप

खानापूर तालुक्यात भात कापून शेतात पसरलेलं असतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. मग मळणी घाईत उरकते आणि पिंजर पुरतं वाळायच्या आधीच गंजी रचली जाते. बाहेरून ती नीटस दिसते, पण ओल आत कोंडलेली असते. त्या ओलीवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्या वाढीतून उष्णता निघते आणि गंजीचं पोट ५० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतं. एवढ्या उष्णतेत नेहमीच्या बुरश्या मागे पडतात आणि ॲक्टिनोमायसिटीस गटातले, ऊब आवडणारे जिवाणू फोफावतात. त्यांचे बीजाणू जेमतेम एक मायक्रॉनचे असतात. नाकात आणि घशात अडकावेत एवढे ते मोठे नसतात, त्यामुळे श्वासाबरोबर थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

आता पन्नाशीतला एक शेतकरी डोळ्यापुढे आणा. फेब्रुवारीत तो रोज सकाळी सातला गंजीतून पिंजर उपसतो, झटकतो आणि जनावरांपुढे टाकतो. झटकताना पांढुरका धुरळा उठतो, कुबट वास येतो. तेव्हा त्याला काहीच होत नाही. शिंक नाही, शिट्टीसारखा आवाज नाही. दुपारी दोन-तीनला मात्र हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, कोरडा खोकला लागतो, छाती आवळल्यासारखी होते आणि संध्याकाळपर्यंत १०१-१०२ ताप चढतो. गावातले डॉक्टर अँटिबायोटिक देतात. दोन दिवस घरी पडून राहिल्यावर तो बरा होतो आणि श्रेय गोळ्यांना जातं. मग पुन्हा गंजीकडे, पुन्हा ताप. माघी पौर्णिमेला यल्लम्माच्या जत्रेसाठी तो सौंदत्तीला जातो आणि तिथे चार दिवस ठणठणीत असतो. परतल्यावर पहिल्याच सकाळी वैरण घालतो आणि दुपारी अंथरूण धरतो. तेव्हा बायको म्हणते, “अहो, पिंजर उपसलं की ताप येतोय तुम्हाला.” माझ्या मते अर्धं निदान इथेच झालं.

या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. शेतात होणारा त्याचा हा प्रकार इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांमध्ये १९३२ साली नोंदवला गेला. हा जंतुसंसर्ग नाही, कारण बीजाणू फुफ्फुसात वाढत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर तुटून पडते, आणि लढाईची जागा वायुकोशांच्या नाजूक भिंती असल्यामुळे नुकसान तिथेच होतं. हा दम्यासारखा प्रकारही नाही. दम्याची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत उसळते. इथे पांढऱ्या पेशी गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून त्रास चार ते आठ तासांनी सुरू होतो. सकाळचं कारण आणि दुपारचा ताप यांची सांगड कुणी घालत नाही, ती या अंतरामुळेच.

आणखी एक गोष्ट घरच्यांना पटत नाही. तीच गंजी भावाने उपसली, पोरानेही उपसली, मग यालाच का? धूळ सगळ्यांच्या फुफ्फुसात जाते आणि पुष्कळांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडंही तयार होतात, पण आजारी थोडेच पडतात. त्यामुळे रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर संपर्क झाला होता एवढंच कळतं, आजार सिद्ध होत नाही.

कबुतरांचं प्रकरण जास्त फसवं आहे. बेळगावात जुन्या वाड्यांच्या वळचणीला पारवे होतेच, आता अपार्टमेंटच्या डक्टमध्ये आणि एसीच्या खोक्यामागेही त्यांची घरटी आहेत. दाणे टाकणारे पुण्य जोडतात आणि शेजारच्या खिडकीत विष्ठेचा थर साठतो. ती वाळून भुगा होते. विष्ठेतली प्रथिनं आणि पिसांवरची बारीक पूड वाऱ्याने घरात येते. मात्रा थोडी, पण रोजची. म्हणून इथे तापाचे झटके बहुधा येतच नाहीत. दोन जिने चढल्यावर दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, वजन उतरतं. माणूस म्हणतो, वय झालं. खोकला आणि वजन ऐकून आपल्याकडे आधी क्षयाचीच शंका येते आणि काही रुग्ण टीबीच्या गोळ्यांचा कोर्सही करून बसतात. दरम्यान वायुकोशांच्या भिंतींवर व्रण धरतात, त्या जाड आणि ताठ होतात. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो.

साधा एक्स-रे यात अगदी स्वच्छही दिसू शकतो. उपयोगी पडतो तो हाय रिझोल्यूशन सीटी स्कॅन, आणि तोही दोनदा काढलेला, एकदा श्वास भरून आणि एकदा सोडून. बारीक श्वासनलिकाही सुजलेल्या असल्याने फुफ्फुसाच्या काही भागांतली हवा बाहेर पडत नाही. श्वास सोडल्यावरच्या चित्रात ते भाग काळे राहतात आणि बाजूचे करडे होतात. पण चित्रापेक्षाही डॉक्टरांचे प्रश्न मोलाचे. घरात, गोठ्यात, कामावर कसली धूळ असते? बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं का? कूलरचं पाणी कधी बदललं? शेवटचा प्रश्न उगाच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुफ्फुसांच्या अशा आजारांच्या १०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला आणि त्यांच्यात कूलर वापरणारे बरेच होते.

उपचारात लोकांची सर्वांत मोठी गफलत स्टेरॉइडपाशी होते. गोळी सुरू केली की सूज उतरते, दम कमी होतो आणि माणूस पुन्हा गंजीकडे वळतो. फिनलंडमध्ये १९९२ साली अशा शेतकऱ्यांच्या एका गटाला आठ आठवडे प्रेडनिसोलोन आणि दुसऱ्याला औषधविरहित गोळी देऊन पाहिलं. महिन्याभरात स्टेरॉइडवाल्यांची फुफ्फुसं जास्त सुधारली, पण पाच वर्षांनी फरक उरला नाही. उलट, आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांतच जास्त होतं. औषध आग विझवतं, सरपण हलवत नाही. लवकर ओळखून धूळ थांबवली तर फुफ्फुस पुष्कळदा पूर्ववत होतं. व्रण धरल्यावर तो भाग परत मिळत नाही. तेव्हा पुढची घसरण मंदावण्यासाठी व्रणरोधक औषधं असतात, तरीही धूळ टाळावीच लागते.

टाळायचं म्हणजे काय करायचं? आजार झालेल्याने वैरण घालायचं काम दुसऱ्याकडे द्यायचं. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल एक मायक्रॉनच्या बीजाणूला अडवत नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसला तर मात्रा घटते, पण दाढी आणि घाम यांच्यात तो नीट बसतोच असं नाही. खरं काम सुगीतच होतं: पिंजरातली ओल वीस टक्क्यांखाली येईपर्यंत ते वाळवायचं, गंजी दगड-लाकडाच्या मांडणीवर जमिनीपासून उंच रचायची, आणि पुढचे काही दिवस तिच्यात लोखंडी सळई खुपसून पाहायची. बाहेर काढलेली सळई हाताला चटका देत असेल तर गंजी मोडून पिंजर पुन्हा वाळवायला हवं.

कबुतरांसाठी जाळी बसवायची आणि साचलेली विष्ठा आधी पाण्याने भिजवून मगच खरवडायची. कोरडी झाडली तर सगळी पूड हवेत उडते. हे कामही रुग्णाने करायचं नाही. त्या वेळी त्याने घरातही थांबू नये. इथे धीर मात्र लागतो. पक्षी गेल्यावर आणि घर धुऊन काढल्यावरही त्यांची प्रथिनं पडद्यांत, गाद्यांत, फटींत दीर्घकाळ राहतात. काही घरांत ती अठरा महिन्यांनंतरही सापडली आहेत. त्यामुळे जाळी लावून महिना झाला तरी दम तसाच असेल, तर कारण चुकलं असं ठरवून जाळी काढू नका. आधी गाद्या आणि पडदे बदलून पाहा, आणि काही आठवडे दुसऱ्या घरी राहिल्यावर फरक पडतो का, ते डॉक्टरांना सांगा.