नऊ ते साडेनऊ: नावनोंदणीची रांग कुठे तयार होते?

समजा, स्वारगेटजवळच्या एका मोठ्या सभागृहात पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांचं राज्यस्तरीय अधिवेशन आहे. २,४०० प्रतिनिधी येणार. उद्घाटन सकाळी १० वाजता, नावनोंदणी ८ पासून. प्रत्येकाचं नाव यादीत शोधायचं, गळ्यातलं ओळखपत्र द्यायचं, पिशवी हातात ठेवायची आणि आत सोडायचं. समितीतल्या कुणीतरी घड्याळ लावून बघितलं, तर एका माणसामागे सरासरी ४५ सेकंद लागले. पुढचा हिशेब सरळ आहे. दोन तासांत २,४०० म्हणजे मिनिटाला २० माणसं, आणि एका माणसाला पाऊण मिनिट लागतं, म्हणून १५ टेबलं. तेवढी टेबलं मांडली जातात, स्वयंसेवक वेळेवर येऊन बसतात, आणि तरीही दीपप्रज्वलनाच्या वेळी चारशे माणसं बाहेर उन्हात उभी असतात.

भागाकार बरोबर आहे. पण माणसं दोन तासांत सारखी वाटून येत नाहीत. पत्रिकेवर १० छापलं की कार्यक्रम साडेदहाला सुरू होतो, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक असतं. आठ वाजता येतात ते फक्त रात्रीच्या एसटीनं उतरलेले. बाकीचे नाश्ता संपायच्या आत पोचायचं, या बेतानं निघतात. तेव्हा येणाऱ्यांचा अंदाज असा धरू: ८ ते साडेआठ २००, साडेआठ ते नऊ ४००, नऊ ते साडेनऊ १,०००, साडेनऊ ते दहा ६०० आणि दहानंतर अर्ध्या तासात उरलेले २००.

पंधरा टेबलं अर्ध्या तासात ६०० माणसं आत सोडू शकतात. पहिल्या अर्ध्या तासात २०० आली, म्हणजे स्वयंसेवकांचा दोन तृतीयांश वेळ गप्पांत गेला. दुसऱ्यात ४०० आली, एक तृतीयांश वेळ रिकामा. हा रिकामा वेळ साठवून नंतर वापरता येत नाही. मग नऊला लोंढा येतो. १,००० आली, ६०० आत गेली, ४०० बाहेर राहिली. पुढच्या अर्ध्या तासात ६०० आली आणि ६०० आत गेली, त्यामुळे रांग तसूभरही हलल्यासारखी दिसत नाही. दहा वाजता शेवटी उभ्या असलेल्या माणसापुढे ४०० जण आहेत आणि मिनिटाला २० जण आत जात आहेत, म्हणजे त्याला २० मिनिटं थांबायचं आहे. गर्दी प्रत्यक्षात अर्धाच तास झाली, पण तिची रांग साडेदहापर्यंत पुरली.

इथे नेहमी होणारी घोडचूक म्हणजे सगळ्या वेळी सगळी टेबलं सारखीच चालू ठेवणं. त्याच माणसांचे तास वेगळे वाटून बघा. आठला ७ टेबलं, साडेआठला १३, नऊ ते दहा २२ आणि त्यानंतर ८. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या मोजल्या तर आधी १५ टेबलांच्या पाच, म्हणजे ७५ झाल्या होत्या. आता त्या ७२ होतात. मनुष्यतास किंचित कमीच, पण साडेनऊला बाहेर ४००ऐवजी १२० जण असतात, थांबणं चार मिनिटांवर येतं आणि पावणेदहापर्यंत रांग संपते. सात टेबलं जास्तीची मांडावी लागतात आणि काही स्वयंसेवकांना ‘तुम्ही पावणेनऊला या’ असं सांगावं लागतं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण उशिरा बोलावलं की आपल्याला दुय्यम समजलं असं काहींना वाटतं.

पण बावीस टेबलांना जागाच नसेल तर? तेव्हा त्या ४५ सेकंदांकडे वळायचं. ही सरासरी फसवी असते. टेबलाशेजारी उभं राहून प्रत्येक माणसाचा वेळ वेगवेगळा लिहिला तर बहुधा दिसतं ते असं: शंभरातल्या ९५ जणांचं काम ३० सेकंदांत उरकतं, आणि पाच जणांना पाच-पाच मिनिटं लागतात. त्यांचं नाव यादीत नसतं, पैसे भरल्याची पावती फोनमध्ये सापडत नसते, किंवा ‘साहेब येणार होते, त्यांच्या जागी मी आलोय’ अशी भानगड असते. हिशेब करा: ९५ जणांचे ३० सेकंद आणि पाच जणांचे ३०० सेकंद यांची सरासरी साधारण ४४ सेकंद येते. म्हणजे तुमच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा पाच टक्के माणसं खातात.

त्यांच्यासाठी वेगळं मदत-टेबल ठेवा, असा सल्ला सगळेच देतात. तो अर्धवट आहे. काम कमी होत नाही, फक्त जागा बदलतं. नऊ ते साडेनऊ हजार माणसं आली तर त्यांतली ५० अडचणीची, म्हणजे अडीचशे मिनिटांचं काम, आणि ते अर्ध्या तासात करायला आठ-नऊ जाणकार माणसं लागतील. मदत-टेबलावर दोन जण बसवले तर तिथे वेगळी रांग, तीही वैतागलेल्यांची.

खरा उपाय असा की हे काम त्या अर्ध्या तासातून बाहेरच काढायचं. नाव सापडलं नाही? कोऱ्या कार्डावर लाल पेननं नाव आणि फोन नंबर लिहा, गळ्यात घाला, आत सोडा. ‘साडेअकराच्या चहाला या टेबलावर या, पावती बघू.’ एवढ्याला ३० सेकंद पुरतात. साडेअकराला सगळी टेबलं मोकळीच असतात. एखादा फुकट्या आत शिरेल, हे मान्य करून चालायचं. पतसंस्थांच्या अधिवेशनात चहा-बिस्किटांपलीकडे तो काही नेणार नाही. जिथे आत शिरणं हाच धोका आहे, अशा परीक्षा केंद्रावर अर्थातच हे चालणार नाही.

आता प्रत्येकाला ३० सेकंद. तीच १५ टेबलं मिनिटाला ३० जणांना, म्हणजे अर्ध्या तासात ९०० जणांना आत सोडतात. नऊ ते साडेनऊच्या हजारांतले फक्त १०० बाहेर राहतात आणि सव्वातीन मिनिटांत त्यांचा नंबर लागतो. एकही टेबल न वाढवता. याच रीतीनं पुढे जाता येतं. कोल्हापूर-सोलापूरहून बस करून येणाऱ्यांची ओळखपत्रं गटप्रमुखाच्या नावाच्या पाकिटात आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली, तर ४५ माणसांचं काम एका मिनिटात होतं. पिशव्या टेबलावर न देता जेवणानंतर सभागृहाच्या दाराशी दिल्या, तर आणखी काही सेकंद वाचतात.

रांगा कशा लावायच्या, यावर आयोजकांत सर्वांत जास्त वाद होतो. आडनावाच्या आद्याक्षरानुसार टेबलं वाटणं शिस्तीचं वाटतं, पण पाटील आणि पवार एकाच टेबलावर येऊन आदळतात, शेजारी ‘थ ते ध’वाला माशा मारत बसतो. शिवाय क्षीरसागरांनी कुठे जायचं? आपल्या वर्णमालेत क्ष शेवटी, संगणकानं लावलेल्या यादीत मात्र बहुधा क मध्ये. यादी फोनवर किंवा लॅपटॉपवर असेल तर अक्षरांची वाटणी करायचं कारणच उरत नाही. सगळ्यांची एकच नागमोडी रांग, आणि जे टेबल मोकळं होईल तिथे पुढचा माणूस.

याचा फायदा किती? रांगांचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ च्या लेखापासून मांडायला सुरुवात केली. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, कॉल केव्हाही येत असताना लाइनी किती ठेवायच्या. त्या परंपरेतलं सर्वांत साधं उदाहरण घेऊ. दोन टेबलं, प्रत्येक ८० टक्के वेळ कामात, माणसं वाटेल तेव्हा येतात आणि कामाला सरासरी ४५ सेकंद, पण कुणाला कमी, कुणाला जास्त. दोन वेगळ्या रांगा असतील आणि कुणी रांग बदलत नसेल, तर सरासरी थांबणं तीन मिनिटं. एकच रांग केली तर तेच ८० सेकंद. कारण एक टेबल रिकामं आणि दुसऱ्यापुढे रांग, ही वेळच येत नाही. प्रत्यक्षात माणसं शेजारची रांग हलताना दिसली की उडी मारतात, त्यामुळे फरक याहून कमी पडतो. आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी: नऊ ते साडेनऊसारखी क्षमतेहून जास्त माणसं येत असतील तर सगळीच टेबलं सतत कामात असतात. तेव्हा एका रांगेनं न्याय होतो, वेळ फारसा वाचत नाही.

रांग किती लांब झाली की धावपळ करायची, हे मात्र पट्टी घेऊन ठरवता येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामाला येतो: रांगेतली माणसं भागिले मिनिटाला आत जाणारी माणसं, म्हणजे थांबण्याची मिनिटं. आपली १५ टेबलं मिनिटाला ३० सोडतात, तेव्हा पाच मिनिटं म्हणजे १५० माणसं. मीटरला दोन माणसं धरली तर १५ मीटरच्या एका ओळीत ३० मावतात, म्हणजे नागमोडी रांगेच्या पाच ओळी. पाचवी ओळ भरल्यावर जादा टेबल उघडलं तर उशीर झालेला असतो. माणूस बोलावून, लॅपटॉप चालू करून बसवायला चार-पाच मिनिटं जातातच. तिसरी ओळ भरली की हाक मारायची. मेट्रोची एक गाडी रिकामी झाली की दोन मिनिटांत अख्खी ओळ भरते, पण ती लगेच ओसरते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळातही ओळ कमी झाली नाही, तर तो खरा लोंढा.

बाहेर गर्दी आहे आणि टेबलं मात्र रिकामी, असंही दिसतं. तेव्हा अडथळा आधी असतो: फाटकावरची बॅगांची तपासणी. दोनच सुरक्षारक्षक एका बॅगेला १० सेकंद लावत असतील तर मिनिटाला १२ बॅगा. प्रत्येकाकडे बॅग असेल तर आत ३० सोडणारी टेबलं असूनही १२ जणच पोचतात. विनाबॅगवाल्यांना वेगळी वाट दिली की हे बरंच सुटतं. उलट, टेबलावरचं काम झालं तरी माणूस हलत नसेल तर पुढे बघा, पोह्यांचं टेबल बहुधा दहा पावलांवर मांडलेलं असतं.

पुढच्या वर्षासाठी मोजणी करायची तर संगणकातल्या नोंदींवर भिस्त ठेवू नका. ओळखपत्र स्कॅन झाल्याची वेळ ही माणूस टेबलावरून सुटल्याची वेळ आहे, आल्याची नव्हे. पहिल्या उदाहरणात नऊ ते साडेदहा ही नोंद मिनिटाला सपाट २० दाखवेल आणि लोंढा आलाच नाही असं वाटेल. त्यासाठी फाटकावर हातातलं मोजणीयंत्र देऊन एक मुलगा उभा करावा लागतो, आणि दर पाच मिनिटांनी त्यानं आकडा कागदावर लिहायचा.