वामकुक्षी

वामकुक्षी म्हणजे दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवे होणे. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. मुळात शब्दात झोप नाही, नुसते पडणे आहे. तरी बोलताना दुपारच्या कोणत्याही झोपेला हाच शब्द लावतात. मुंबईत ती घरच्या चटईवर कमी आणि ऑफिसातल्या टेबलावर डोके टेकून किंवा लोकलच्या खिडकीशी जास्त घेतली जाते.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी झापड नुसत्या भातामुळे येत नाही. न जेवलेल्यालाही ती येते. शरीराच्या दिवस-रात्रीच्या चक्रात त्या वेळी सतर्कता थोडी उतरते. भरपेट जेवण तिला हातभार लावते, इतकेच.

किती वेळ झोपावे, हे झोपेच्या खोलीवरून ठरते. पहिली दहा-वीस मिनिटे झोप हलकी असते आणि तेवढ्यात उठणारा ताजा उठतो. साधारण अर्ध्या तासानंतर गाढ झोप लागते. तिच्या मधोमध गजर झाला की डोके जड होते, कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही आणि सुस्ती अर्धा तास रेंगाळते. ‘झोपलो आणि उलट जास्तच दमलो’ ही तक्रार बहुधा पाऊण-एक तास झोपणाऱ्यांची असते. डोळा लागायला पाच-सात मिनिटे जातात, म्हणून गजर पंचवीस मिनिटांचा लावणे बरे. दीड तासात झोपेचे एक आवर्तन साधारण पुरे होते, त्यामुळे तेवढे झोपल्यावर जाग सोपी येते. पण रात्रीच्या झोपेतून तेवढे वजा होते.

रात्रीची झोप बिघडते ती मुख्यतः वेळ चुकल्यामुळे. जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढते. झोपलो की ती ओसरते. दिवसभर साठवलेली ही ओढच रात्री अंथरुणावर उपयोगी पडते, आणि संध्याकाळची डुलकी ती आधीच खर्चून टाकते. (चहा-कॉफीतले कॅफिन ओढ कमी करत नाही, फक्त तिची जाणीव दाबते.)

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस घेऊ. तो सव्वापाचला उठतो. सकाळी गाडीत बसायला मिळाले आणि पेंग आली, तर ती रात्रीच्या अपुऱ्या झोपेचे शेपूट असते. तिने पुढची रात्र सहसा बिघडत नाही. परतताना सीएसएमटीहून सात दहाची फास्ट, खिडकी मिळालेली. दादर गेले की मान कलते ती डोंबिवली येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊण तास. घरी तरतरी वाटते, जेवण होते, मालिका होते. अकराला तो आडवा होतो आणि साडेबारापर्यंत पंखा बघत राहतो. गजर मात्र सव्वापाचचाच. पावणेपाच तासांच्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी गाडीत मान आणखी लवकर कलते, आणि काही आठवड्यांत तो ‘मला निद्रानाश आहे’ असे सांगू लागतो.

यावर उपाय गाडीतच करायचा. दादरनंतर उभे राहायचे, ग्रुपमध्ये बोलत राहायचे किंवा भजनी मंडळाच्या डब्यात शिरायचे. पहिले तीन-चार दिवस जड जातात. फारच झेपत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत दीड ते दोनच्या दरम्यान वीस मिनिटे टेबलावर डोके टेकावे. तिथून अकरापर्यंत नऊ तास जागेपणाचे उरतात आणि ओढ पुन्हा साठते. ढोबळ हिशेब असा की डुलकी संपल्यापासून रात्री झोपेपर्यंत सात-आठ तास जायला हवेत. अकराला झोपणाऱ्याने म्हणूनच तीननंतर पडू नये. ज्यांना रात्री मुळातच झोप लागत नाही, त्यांना निद्रानाशाच्या उपचारात दुपारची डुलकीही बहुधा बंद करायला सांगतात.

‘तिन्हीसांजेला झोपू नये, लक्ष्मी येते’ या आजीच्या दटावणीत लक्ष्मीचे काय ते माहीत नाही, वेळ मात्र तिने अचूक धरली होती.

रात्रपाळीला हे गणित उलटे लागते. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीनुसार झोपणारे कामगार होते. आज कॉल सेंटर, इस्पितळे आणि सुरक्षारक्षक आहेत. त्यांनी कामावर जाण्याआधी संध्याकाळी घेतलेली झोप हिताचीच असते. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातही जागरण झाल्यास जेवढा वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, न जेवता झोपावे, असे सांगितले आहे. तोच ग्रंथ एरवी दिवसा झोपायला उन्हाळ्याखेरीज फारशी मोकळीक देत नाही.

रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी तासभर झोपावेच लागत असेल आणि जोडीला मोठे घोरणे, मध्येच श्वास अडणे, सकाळी डोके दुखणे असेल, तर तो वेळापत्रकाचा दोष नव्हे. अशा वेळी स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार आहे का, हे तपासून घ्यावे लागते. घोरणे स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारावे.