आउटेज चालू असताना लिहिलेलं तिकीट : वेळ आणि नाव यांची नोंद कुठून आली

सर्व्हर पडला की आज पहिल्या काही मिनिटांत इन्सिडेंट तिकीट उघडलं जातं. त्याची कल्पना मात्र क्लाउडच्या आधीची आहे. जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या मेरिट नेटवर्कमधल्या डेल जॉन्सन यांनी RFC 1297 लिहिला. मेरिट तेव्हा NSFNET हा इंटरनेटचा कणा सांभाळत होतं. नेटवर्कवर चोवीस तास पहारा देणाऱ्या खोलीत ट्रबल तिकीट कसं असावं, याची ही इच्छायादी होती. जॉन्सन यांनी त्यात तिकिटाची तुलना रुग्णाच्या केसपेपरशी केली आहे. वेगवेगळ्या पाळ्यांतली माणसं एकाच बिघाडावर काम करतात, तेव्हा आधीच्याने काय केलं हे पुढच्याला त्या कागदावरून कळलं पाहिजे. मला ही उपमा अजूनही सर्वांत नेमकी वाटते. नर्स इंजेक्शन दिल्यावर लगेच वेळ टाकून सही करते, पाळी संपल्यावर आठवून लिहीत नाही.

“हे कोण बघतंय?” या प्रश्नाचं उत्तर नोंदवायची शिस्त दुसरीकडून आली. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले आणि सोळा माणसं गेली. अनेक यंत्रणा मैदानात होत्या, पण हुकूम कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम उभी राहिली. तिच्या 214 क्रमांकाच्या फॉर्मवर वर नाव आणि जबाबदारी, खाली वेळ आणि त्या वेळी काय केलं, एवढंच असतं. पुढे गूगलच्या सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या एसआरई मंडळींनी हीच पद्धत संगणकाच्या बिघाडांसाठी घेतली : एक इन्सिडेंट कमांडर आणि सगळ्यांना दिसणारं, चालू घटनेसोबत वाढत जाणारं एक डॉक्युमेंट.

असं डॉक्युमेंट प्रत्यक्षात किती उपयोगी पडतं आणि कुठे तोकडं पडतं, हे गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या आउटेजमध्ये दिसतं. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांनी आपल्या चालू नोंदी जगासाठी खुल्या ठेवल्या, म्हणून आपण त्या वाचू शकतो. डेटाबेसवर ताण आला होता आणि db2 ही दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने भरण्यासाठी तिची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती. ते करताना इंजिनिअरने डिलीटची आज्ञा चुकून db1 वर, म्हणजे मुख्य सर्व्हरवरच चालवली.

नोंदीत डिलीटचा निर्णय रात्री अकराच्या ‘सुमारास’ (UTC) झाल्याचं म्हटलंय. सेकंद-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, असंही लिहिलंय. थांबवल्याची वेळ मात्र नेमकी आहे : 23:27. तोवर सुमारे 310 GB पैकी 4.5 GB उरले होते. सेकंद-दोन सेकंद खरे असतील, तर ‘सुमारास’ या एका शब्दात जवळपास अर्धा तास दडलाय. आढावा घेताना माणूस नेमका याच अर्ध्या तासात अडकतो : आज्ञा कधी दिली, त्याआधी काय काय करून पाहिलं, कोणाला विचारलं? इंजिनिअरला दोष द्यायचा नाही, आगीत कोणालाही घड्याळ सुचत नाही. म्हणूनच आज्ञा देणारा आणि नोंद करणारा ही दोन वेगळी माणसं हवीत.

वेळ लिहिताना UTC की IST, हेही सोबत हवंच. 23:27 UTC म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटे 4:57, तारीखसुद्धा बदलते. पुण्यात बसून तिकिटात नुसतं ‘4:57’ लिहिलं, तर सर्व्हरच्या लॉगशी ते जुळवताना आढाव्याची अर्धी बैठक त्यातच जाते.

त्या रात्रीच्या नोंदींचं खरं मोल मात्र फसलेल्या प्रयत्नांमध्ये आहे. बॅकअप शोधताना जे जे हाताला लागलं नाही, तेही लिहिलं गेलं. बॅकअप जिथे साठायला हवे होते, ती अ‍ॅमेझॉनच्या S3 ची बकेट रिकामी निघाली. बॅकअप काढणाऱ्या pg_dump ची आवृत्ती 9.2 होती आणि डेटाबेस 9.6, त्यामुळे बॅकअप रोज गप्प फसत होता. बिघाडाची मेल जात होती, पण मेल खरंच कोणाकडून आली हे तपासणाऱ्या DMARC मुळे समोरून नाकारली जात होती. शेवटी कामी आला तो त्याच दिवशी 17:20 UTC ला वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला LVM स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये झालेले बदल गेले.

“इथे पाहिलं, काही नाही” ही ओळ लिहायचा कंटाळा येतो, कारण तिने सेवा सुरू होत नाही. पण तीच नसती, तर नंतरचा अहवाल “चुकीच्या सर्व्हरवर डिलीट झालं” एवढ्यावरच थांबला असता. गिटलॅबच्या अहवालातली कामं थेट या नोंदींतून निघालेली दिसतात. db1 आणि db2 च्या गोंधळातून प्रत्येक सर्व्हरचा PS1, म्हणजे टर्मिनलवरचा प्रॉम्प्ट, पटकन वेगळा ओळखता येईल असा करायचं ठरलं. आणि रिकाम्या बकेटकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, त्यातून डेटा टिकवण्याच्या कामाला एक ओनर नेमायचं ठरलं.