अनवाणी ठसा आणि बुटाचा ठसा: उंचीचं गणित उलट दिशांनी

समजा, रावेरकडच्या एका केळीच्या बागेतून रात्री मोटारीची केबल कापून नेली. मोटारीच्या खोलीतल्या कोब्यावर अनवाणी पायाचा चिखलाळ ठसा आहे, 24 सेंटिमीटरचा. बाहेर ठिबकच्या नळीलगत ओल्या काळ्या मातीत बुटाचा ठसा आहे, 28 सेंटिमीटरचा. बघणारे लगेच म्हणतात, "बूटवाला सहा फुटांच्या वर असणार." तिथेच गल्लत होते.

पायाची लांबी साधारणपणे उंचीच्या 15 टक्के असते, म्हणून लांबीला 0.15 ने भागतात. पण हे गणित पायाचं आहे, ठशाचं नाही. आधी ठशावरून पाय काढावा लागतो.

कोब्यासारख्या कडक जागेवर टाचेचा मागचा गोलावा आणि बोटांची टोकं पूर्ण टेकत नाहीत. त्यामुळे ठसा पायापेक्षा सेंटिमीटरभर आखूड उमटतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे 24 मध्ये 1 मिळवायचा. पाय 25, उंची सुमारे 167 सेंटिमीटर, साडेपाच फूट.

बुटाचं उलट. बोटांपुढची मोकळी जागा आणि बाहेर आलेली कडा यांमुळे तळवा पायापेक्षा सहज 2 ते 3 सेंटिमीटर लांब असतो. टोकदार बुटात आणखी जास्त. थेट 28 ला भागलं तर 187 येतात, तो सहाफुटी गडी इथूनच जन्मतो. अडीच वजा केले तर पाय साडेपंचवीस, उंची 170. दोघं जवळपास एकाच उंचीचे निघाले!

माझा भरवसा अनवाणी ठशावर जास्त. बूट भावाचाही असू शकतो, पुढे कापूस कोंबून घातलेलाही. वजा किती करायचं, हे बुटाची जात ओळखल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. नक्षीवरून तोच बूट दुकानात सापडला, तर त्याचा नंबर बघून हिशेब बराच सुधारतो.

काळी माती मात्र दोन्ही ठशांना फसवते. पाय घसरला की ठसा लांबतो. टाचेची कड फरफटलेली किंवा नक्षी दुहेरी दिसली, तर तो ठसा मापायचाच नाही. माती वाळली की आकसते, भोवती भेगा पडतात आणि ठसा आखूड होतो. म्हणून ओला असतानाच, पट्टी ठशाच्याच पातळीवर ठेवून, बरोबर वरून फोटो घ्यावा. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत सरळ मापावं. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. एकाच वाटेवरचे चार-पाच चांगले ठसे मिळाले तर उत्तमच.

एवढं करूनही 15 टक्के ही सरासरीच. कुणाचा पाय साडेचौदा टक्के, कुणाचा साडेपंधरा. त्या 25 सेंटिमीटरच्या पायाचा माणूस 161 ते 172 मध्ये कुठेही बसू शकतो, थोडा बाहेरही. पंचनाम्यात एकच आकडा न लिहिता हा पट्टा लिहावा. साडेपाच फुटी संशयिताला तो दोषी ठरवत नाही. सव्वासहा फुटी माणसावरचा संशय मात्र बराच कमी करतो.