पाच पात्यांचं रेझर आणि आत शिरणारा केस

‘रक्त बिघडलंय, म्हणून दाढीत पुटकुळ्या येतात,’ असं आमच्या लातूर-परभणीकडे सर्रास सांगतात आणि वर कडुनिंबाचा रस पाजतात. त्यानं तोंड कडू होतं, पुटकुळ्या जागच्या हलत नाहीत. रक्ताचा त्यात संबंधच नसतो. दाढीनंतर एक-दोन दिवसांनी मानेवर, जबड्याखाली उठणाऱ्या अशा फोडात बहुतेकदा केस रुतलेला असतो.

तो रुततो कसा, हे बघण्यासारखं आहे. १९७१ मध्ये जिलेटनं दोन पात्यांचं कार्ट्रिज आणलं. आता पाच पात्यांपर्यंत मजल गेलीय. पहिलं पातं केसाला पकडून मुळातून किंचित वर ओढतं. केस परत आत सरकण्याआधी मागचं पातं त्याला कापतं. मग उरलेला खुंट कातडीच्या खाली जाऊन बसतो. गाल गुळगुळीत लागतो तो यामुळेच. सरळ केस पुन्हा सरळ वर येतो. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं असतं आणि तिरप्या कापानं त्याचं टोक अणकुचीदार झालेलं असतं. वाढताना ते बाहेर यायचं सोडून, केस ज्या बारीक नळीतून उगवतो तिच्याच भिंतीत घुसतं. कधी बाहेर येऊन कमानीसारखं वळतं आणि एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा कातडीत शिरतं. शरीराला हा केस म्हणजे बाहेरचा काटा. तिथं सूज येते, कधी पूही होतो. म्हणून ‘जितकी पाती जास्त तितकी दाढी चांगली’ ही जाहिरात कुरळ्या दाढीवाल्यांनी मनावर घेऊ नये.

सेफ्टी रेझरला पातं एकच, त्यामुळे ही ओढाताण कमी. पण कातडी ताणून, दाबून, उलटा हात फिरवला की तोही केस खोल कापतो. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पातं कोरडं घासतं. तेवढ्यापुरतं फिल्टरचं कोमट पाणी घ्यावं आणि दोन-तीन मिनिटं दाढी भिजू द्यावी.

माझ्या भाच्याची मान अशीच भरलेली असायची. रोज पाच पाती, तीही मान ताणून. आधी त्यानं महिनाभर दाढी वाढू दिली. केस लांबले तसे रुतलेले बरेच आपोआप सुटले. सुईनं उकरायला मी मनाई केली होती, कारण त्यानं काळे डाग पडतात. आता तो एक दिवसाआड ट्रिमर मारतो, कातडीवर न दाबता. अर्धा मिलिमीटर खुंट राहतो. टोक बाहेरच असल्यानं आतली भिंत टोचत नाही, आणि वळून शिरण्याइतका केस लांबतही नाही. गाल गुळगुळीत लागत नाही, ही त्याची तक्रार आहे. लग्नकार्याला मात्र नवं ब्लेड, सेफ्टी रेझर, सुलट एकच हात.

एवढं करूनही टणक गाठी राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञ लेसरनं केसांची वाढ कमी करतात. सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचा, म्हणजे एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित; नाहीतर भाजून डाग पडू शकतो. यंत्र कोणतं, हे पैसे भरायच्या आधी विचारावं.